सुतासुताचा हिशेब

सलूनच्या खुर्चीत बसल्यावर गळ्याभोवती कापड बांधलं जातं आणि प्रश्न येतो, ‘कसे कापायचे?’ या प्रश्नाला महाराष्ट्रात बहुधा तीन-चार ठरावीक उत्तरं मिळतात. ‘मिडियम ठेवा’, ‘थोडे बारीक करा’, ‘साइडने मशीन, वरून कात्री’ आणि ज्यांना काहीच सांगावंसं वाटत नाही त्यांचं ‘नेहमीसारखेच’. यांतलं एकही उत्तर चुकीचं नाही, पण एकातही कारागिराला हवी ती माहिती नाही. त्याच्या हातात मशीन असतं. ते केस एक अष्टमांश इंच उंचीवर कापणार की तीन अष्टमांश, हे त्याला पुढच्या दहा सेकंदांत ठरवायचं असतं, आणि ‘मिडियम’ या शब्दात ती उंची कुठेच नसते. मग तो आधीच्या गिऱ्हाइकाचं मिडियम, स्वतःच्या आवडीचं मिडियम आणि समोरच्या डोक्यावर आज दिसणारे केस यांची सरासरी काढतो. बिघडलेल्या केशकर्तनाचं खापर आपण कारागिराच्या हातावर फोडतो. माझं म्हणणं असं की निम्म्याहून अधिक वेळा बिघाड कात्री उचलण्याच्या आधी, त्या दोन-तीन शब्दांत झालेला असतो. तो टाळायला फॅशनची भाषा शिकायची गरज नाही. तीन गोष्टी सांगता आल्या की पुरे: किती केस राहू द्यायचे, ते कुठून कमी होत जायचे, आणि उरलेले केस जाड गठ्ठ्यासारखे दिसायला हवेत की मोकळे, हलके.

पहिली गोष्ट लांबीची. इथे मुळातच एक सवय बदलावी लागते. आपण किती कापायचं ते सांगतो, किती ठेवायचं ते सांगत नाही. ‘एक इंच कापा’ या सूचनेचा परिणाम आज डोक्यावर किती केस आहेत त्यावर अवलंबून असतो. सहा आठवड्यांनी आलेल्याचा आणि तीन महिन्यांनी आलेल्याचा एक इंच कापला, तर दोघांची डोकी अगदी वेगळी दिसतील. ‘वर दोन इंच राहू द्या’ ही सूचना मात्र कधीही दिली तरी तीच राहते. कारागीरही खरं तर राहणारी लांबीच बघत असतो. तो केसांची बट दोन बोटांत धरतो आणि बोटांच्या वर जे येतं ते कापतो. त्याचं लक्ष बोटांखाली काय उरलं याकडे असतं. इंचाचा अंदाज नसेल त्यांनी पेरं वापरावीत. तर्जनीचं टोकाचं पेर साधारण इंचभर असतं, आणि ‘पुढे दोन पेरं, मागे दीड’ हे कुठल्याही सलूनमध्ये चटकन कळतं.

मशीनच्या नंबरांचं गणित याहून सोपं आहे, फक्त ते कुणी समजावून सांगत नाही. विजेवर चालणारं हातातलं केस कापायचं मशीन शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत रूढ झालं. इलिनॉय राज्यातल्या स्टर्लिंग गावच्या लिओ वॉल यांनी १९१९ मध्ये त्याचा कारखाना काढला. अशा मशीनला ज्या प्लास्टिकच्या फण्या लावतात, ज्यांना सलूनमध्ये गार्ड किंवा क्लिप म्हणतात, त्यांचे नंबर अष्टमांश इंचांत चढत जातात. एक नंबर म्हणजे एक अष्टमांश इंच, दोन नंबर म्हणजे दोन अष्टमांश, आणि आठ नंबर म्हणजे बरोबर एक इंच. आपल्याकडच्या सुतार-गवंड्यांना हे माप परकं नाही, कारण त्यांच्या बोलीत इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. तेव्हा ‘तीन नंबर मारा’ याचा अर्थ तीन सूत केस राहतील, म्हणजे साडेनऊ-दहा मिलिमीटर. दोन नंबरला सहा मिलिमीटर राहतात, एकला तीन. नंबर वाढला की केस वाढतात, कमी झाला की कमी होतात. एवढी साधी दिशासुद्धा अनेकांच्या मनात उलटी बसलेली असते, कारण ‘चार’ ऐकल्यावर त्यांना जास्त कापणार असं वाटतं.

आता या गणितातली फसगत पाहा. दाढीसाठी विकल्या जाणाऱ्या बऱ्याच ट्रिमरवर जी चकती असते, तिच्यावरचे आकडे सुताचे नसून मिलिमीटरचे असतात. काही सलूनमध्ये केसांनाही तोच ट्रिमर फिरवला जातो. तिथे तुम्ही ‘दोन’ म्हणालात आणि चकती दोनवर गेली, तर सहाऐवजी दोनच मिलिमीटर केस उरतील आणि कानांवरची कातडी लख्ख दिसू लागेल. म्हणून नंबर सांगताना ‘फणी लावून दोन नंबर’ असं म्हणावं आणि मशीनला फणी बसलेली आहे ना, हे आरशात पाहून घ्यावं. दुसरी फसगत ‘झिरो’ची. फणीशिवाय मशीन फिरवलं की तो झिरो. पण मशीनच्या कडेला एक छोटी दांडी असते. ती खाली-वर केली की पातं सरकतं आणि कापाची उंची साधारण अर्ध्या सुताने बदलते. शिवाय केसांच्या वाढीच्या दिशेने मशीन फिरवलं तर थोडे लांब केस राहतात, उलट फिरवलं तर आखूड. म्हणून एकाच नंबरचे दोन सलूनमधले परिणाम जरा वेगळे दिसतात. यावर कारागिराशी वाद घालू नये. हव्या नंबरापेक्षा एकाने मोठ्या नंबरापासून सुरुवात करायला सांगावी: ‘आधी तीन मारून दाखवा, मग दोन बघू.’ केस लांब राहिले तर पुन्हा कापता येतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एक आणि दोन नंबरांतला फरक डोळ्यांत भरतो, सात आणि आठमधला जवळजवळ दिसत नाही. दोन्ही ठिकाणी फरक एकाच सुताचा आहे, पण एकावरून दोनवर जाताना लांबी दुप्पट होते आणि सातावरून आठवर जाताना फक्त सातवा भाग वाढतो. त्यातच आपले केस काळे. तीन नंबरच्या खाली कातडी झिरपायला लागते आणि एकला तर तिचाच रंग जास्त दिसतो. म्हणून खालच्या नंबरांबाबत काटेकोर राहावं. वरच्या लांबीत पाव इंच इकडे-तिकडे झालं तर कपाळाला आठ्या घालण्याचं कारण नाही.

दुसरी गोष्ट उताराची, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. केस वरून खाली येताना हळूहळू आखूड होत जाणं म्हणजे टेपर. तो उतार थेट कातडीपर्यंत नेला की फेड. सलूनमध्ये आजकाल दोन्हींना फेडच म्हणतात. भांडण नावावरून होत नाही, जागेवरून होतं. गिऱ्हाइकाच्या मनात असतं की कल्ल्यांच्या कडा आणि मानेवरचे केस तेवढे साफ व्हावेत. कारागीर फेड ऐकून मशीन कपाळाच्या कडेपर्यंत चढवतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि घरी गेल्यावर आई विचारते, ‘हे काय करून आलास?’ म्हणून उताराचं नाव सांगण्यापेक्षा त्याची जागा सांगावी, आणि जागा सांगायला डोक्यावर चांगल्या खुणा आहेत. एक, कानाचं वरचं टोक. दोन, भुवईचं बाहेरचं टोक. तिथून आडवी रेघ मागे नेली की ती डोक्याच्या बाजूच्या साधारण मध्यावर पडते. तीन, मागच्या बाजूला मानेच्या वर हाताला लागणारा हाडाचा उंचवटा. आणि चार, डोक्याचा ‘कोपरा’, म्हणजे जिथे बाजूची सरळ भिंत वळून माथा सुरू होतो ती जागा. बाजूला सपाट फणी टेकवून वर सरकवली की ती जिथे डोक्यापासून सुटते, तो कोपरा. ‘उतार कानाच्या वर एक बोट, त्यापेक्षा वर नको’ असं म्हटलं की कारागिराला नुसतं ‘लो फेड’ म्हटल्यापेक्षा जास्त कळतं, कारण लो आणि हाय यांच्या सीमा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. बोट मात्र साधारण सगळ्यांचं सारखंच.

उतार किती वर न्यायचा, हा नुसत्या आवडीचा प्रश्न नाही. मागून डोकं सपाट असेल आणि उतार हाडाच्या उंचवट्याच्या वर नेला, तर तो सपाटपणा उघडा पडतो. उंचवट्यावर केस जरा भरलेले ठेवले तर तोच भाग गोल वाटतो. लांबट, अरुंद चेहऱ्याच्या बाजू अगदी साफ केल्या तर तो आणखी लांब दिसतो. मग केस वाढण्याचा वेग आहेच. डोक्याचे केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे आठ-दहा दिवसांत एक सूत. कातडीपर्यंत नेलेल्या फेडची मजा त्या पहिल्या सुतातच असते. कातडीच्या जागी एक सूत केस आले की उतार पुसट होतो, आणि वीस दिवसांनी तो होता हेही कळत नाही. नुसत्या कडांवर केलेला टेपर महिनाभर सुसंस्कृत दिसतो. दर पंधरा दिवसांनी सलूनमध्ये जायची तयारी नसेल, तर कातडीपर्यंतचा फेड मागणं म्हणजे दोन आठवड्यांच्या रूपासाठी चार आठवड्यांचे पैसे मोजणं.

मानेची कडही याच हिशेबात येते. वस्तऱ्याने सरळ आडवी रेघ मारली तर ती त्या दिवशी फार नेटकी दिसते, पण सहा-सात दिवसांत तिच्याखाली खुंट उगवतात आणि ठळक रेघेमुळेच ते जास्त दिसतात. रेघ न मारता केस खाली विरळ होत संपवले, तर वाढ लपते. ‘मानेवर रेघ नको, विरत जाऊ द्या’ एवढं वाक्य पुरतं.

तिसरी गोष्ट सांगायला सगळ्यात अवघड, कारण ती मोजता येत नाही. ‘थोडे हलके करा’ ही महाराष्ट्रातल्या सलूनमधली बहुधा सर्वांत लाडकी सूचना असेल, आणि तिचे दोन अर्थ होतात. लांबी कमी करा हा एक, आणि लांबी तीच ठेवून दाटपणा कमी करा हा दुसरा. पहिल्यासाठी साधी कात्री लागते, दुसऱ्यासाठी दातेरी, जिला थिनिंगची कात्री म्हणतात. तिच्या एका पात्याला फणीसारखे दाते असतात, त्यामुळे धरलेल्या बटेतले काही केस कापले जातात आणि बाकीचे सुटतात. दाट केसांचा बोजा कमी करायला ती उत्तम, पण तीच मुळाजवळ चालवली तर उपद्रव होतो. मुळाजवळ कापलेले जाड, सरळ केस ताठ खुंटासारखे उभे राहतात आणि वरच्या लांब केसांना खालून टेकू देतात. केस बसावेत म्हणून हलके करायला सांगितलेलं असतं आणि ते आणखी फुगतात, तेही लगेच नाही, आठवड्याभराने. विरळ केसांवर दातेरी कात्री चालवली तर टाळू दिसतो. कुरळ्या केसांत तिने तुटक टोकं तयार होतात आणि प्रत्येक टोक आपापल्या दिशेने पिंजारतं.

म्हणून पोताबद्दल बोलताना कात्रीचं नाव घेण्याआधी आपल्याला खटकतंय काय ते सांगावं. ‘बाजूने फुगतात’, ‘वरून टोपी घातल्यासारखे एकसंध दिसतात’, ‘टोकं पिंजारतात’ ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. एकसंधपणा घालवायला कात्री उभी धरून नुसत्या टोकांत छोटे छोटे काप देतात. त्याने लांबी तीच राहते, कडेची जड रेघ मोडते आणि मुळाशी कुठेही खुंट उरत नाही. दाट, सरळ केसांना बहुतेक वेळा हाच उपाय पुरतो. दातेरी कात्री लागलीच, तर ‘मुळापासून इंचभर लांबून चालवा’ ही अट घालावी. आणि केस खरोखर कसे आहेत हे कारागिराला दिसू द्यावं. तेल चोपडून गेलेल्या डोक्यावर केस चिकटून बसतात, दाटपणा कळत नाही, मशीनची फणीही तुंबते. पाणी मारून कापलेले कुरळे केस वाळल्यावर आकसतात. ओले असताना दोन इंच दिसलेली बट नंतर दीड इंचावर येऊन थांबू शकते. कुरळ्या केसांच्या माणसाने लांबी सांगताना ‘वाळल्यावर एवढी’ असं स्पष्ट म्हणावं, नाहीतर कपाळावरचे केस भुवयांना सोडून वर जातात.

एक उदाहरण घेऊन हे तपासून पाहू. समजा तिशीतला एक माणूस आहे. नाशिकच्या एखाद्या बँकेत नोकरी, रोज हेल्मेट, केस जाड, सरळ आणि दाट, डावीकडे भांग, मागे ठळक भोवरा, आणि सलूनला जाणं दर पाच आठवड्यांनी. त्याची तक्रार अशी की कापल्यावर दहा दिवस बरं दिसतं, मग कानांवरचे केस आडवे फुटतात. आजवर तो ‘साइडने मिडियम’ सांगत आला आणि कारागीर चार नंबर मारत आला. चार सूत म्हणजे अर्धा इंच. पंधरा दिवसांत त्यात दीड-दोन सुतांची भर पडते आणि बाजूचे केस पाऊण इंचाच्या जवळ जातात. जाड, सरळ केसांची ही सर्वांत वाईट लांबी. पाव इंचावर ते उभे असले तरी आखूड असल्याने नजरेत येत नाहीत, दीड इंचावर वजनाने खाली वळतात. पाऊण इंचावर ना इकडचे ना तिकडचे, सरळ बाहेर येतात. त्यात भर म्हणून हेल्मेट त्यांना एकीकडे दाबून ठेवतं.

त्याच्यासमोर दोनच खरे मार्ग आहेत. बाजूला मशीन बंद करून दोन-तीन महिने वाढू द्यायचं आणि मग कात्रीने दीड इंचावर राखायचं, किंवा सरळ दोन नंबरवर उतरायचं. बँकेतल्या माणसाला फुगलेले तीन महिने परवडत नाहीत असं धरू. दोन नंबर घेतला तर तिसऱ्या आठवड्याअखेर तो साडेचारच्या आसपास पोचेल, पाचव्याला सहाच्या. म्हणजे शेवटचे दहा-बारा दिवस केस फुटणारच. पाच आठवडे सारखं बसेल असं केशकर्तन या केसांसाठी नाही, आणि हे त्याने आधीच जाणून घेतलं तर कारागिरावरचा राग टळेल. भोवऱ्याचं गणितही याच जातीचं. तिथे इंचभर केस ठेवले तर शेंडीसारखे उभे राहतात, दीड इंच ठेवले तर वजनाने बसतात. मग खुर्चीत बसून सांगायचं ते असं:

‘दादा, बाजूला आणि मागे फणी लावून दोन नंबर, पण आधी तीन मारून दाखवा. मशीन भुवईच्या रेघेच्या वर नको. कल्ल्यांच्या आणि मानेच्या कडेला तेवढा एक, मानेवर रेघ नको. मधला भाग मिसळवा. वर पुढे दोन इंच, भोवऱ्यावर दीडपेक्षा कमी नको. वरती नुसती टोकं मोडा, थिनिंग नको. भांग डावीकडे, आणि मी पाच आठवड्यांनी येतो.’

हे बोलायला अर्धं मिनिट लागतं. यातलं शेवटचं वाक्य सर्वांत कमी वेळा बोललं जातं आणि अनुभवी कारागिराला त्याचाच सर्वांत जास्त उपयोग होतो. पाच आठवडे ऐकल्यावर तो कडा जरा जास्त साफ करील, पंधरा दिवस ऐकले तर वरची लांबी मोकळी सोडील.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: एवढं बोलण्यापेक्षा फोटो दाखवला की झालं. फोटोचा मी विरोधक नाही. १९६०च्या ‘लव्ह इन शिमला’मधली साधनाची कपाळावरची झालर देशभरच्या मुलींनी पडद्यावर पाहूनच कापून घेतली, आणि ती जमलीही. पण ती जमण्याचं कारण तिच्या साधेपणात होतं. झालर समोरून पूर्ण दिसत होती आणि तिची लांबी भुवयांवरून मोजता येत होती. आजच्या क्रिकेटपटूचा फोटो तीन-चतुर्थांश कोनातून घेतलेला असतो, केसांना मेण लावलेलं असतं, प्रकाश एका बाजूने आलेला असतो आणि मागचं डोकं दिसतच नाही. त्यातला उतार कोणत्या नंबरपासून सुरू झाला हे कारागिराला अंदाजानेच ओळखावं लागतं. शिवाय फोटोतल्या माणसाचे केस दाट असतील आणि तुमचे विरळ, तर कापाची उंची तंतोतंत साधूनही चित्र जुळणार नाही. फोटो जरूर दाखवावा, पण त्यातलं काय हवंय त्यावर बोट ठेवून: ‘बाजूचा उतार असा, वरचं नको.’ सगळ्यात भरवशाचा फोटो आपलाच, मागच्या वेळी मनासारखे कापले गेले तेव्हाचा, बाजूने आणि मागून घेतलेला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कारागिराने हजारो डोकी हाताळलेली असतात, त्याला सूत-इंच शिकवणारं गिऱ्हाईक कोण? डॉक्टरला औषध सांगणाऱ्या रोग्याची ही जात नव्हे का? इथे मला सीमा आखावीशी वाटते. परिणाम सांगायचा हक्क गिऱ्हाइकाचा, रीत ठरवण्याचा कारागिराचा. उरणारी लांबी, उताराची जागा, फुगण्याची तक्रार हे सगळं परिणामात येतं. मशीन वाढीच्या दिशेने की उलट, फणीवर कात्री की बोटांवर, ओले की कोरडे, हे त्याचं त्याला ठरवू द्यावं. वरच्या उदाहरणातलं ‘थिनिंग नको’ ही सीमा ओलांडतं हे मला मान्य आहे. पण ज्या डोक्याला त्याचा त्रास आठवड्याभराने होतो, त्याची खबर कारागिराला कधीच मिळत नाही, कारण तोवर गिऱ्हाईक घरी असतं. ती फक्त आपल्याला माहीत असते, तेव्हा सांगावी लागतेच. आणि तो म्हणाला, ‘साहेब, भोवऱ्यावर दीडने भागणार नाही, दोन ठेवू,’ तर ऐकावं. आपण आकडा सांगितला म्हणूनच त्याला दुसरा आकडा सुचवता आला. ‘मिडियम’ला तो कोणता पर्याय देणार होता?

रविवारच्या गर्दीत एवढं बोलायला वेळ कुठे, हा तिसरा आक्षेप मला पटत नाही. अर्ध्या मिनिटाचा प्रश्न आहे, आणि गर्दीच्या दिवशी अंदाज चुकण्याची शक्यता जास्त, तेव्हा बोलण्याची गरजही जास्त. भाषेची अडचण मात्र खरी आहे. मुंबई-पुण्याच्या अनेक सलूनमधले कारागीर हिंदीभाषक आहेत. लंडनला किंवा न्यू जर्सीला गेलेल्या मराठी माणसाला तर इंग्रजीतून निभावायचं असतं. तिथे ‘बारीक’, ‘हलके’ आणि ‘मिडियम’ सगळे गळून पडतात, फणीचे नंबर मात्र टिकतात.

राहतो शेवटचा टप्पा, कारागीर मागे छोटा आरसा धरतो तो. तिथे बहुतेक जण न बघताच मान डोलावतात. बघायच्या गोष्टी तीनच आहेत. बाजूच्या उतारात कुठे आडवी पायरी किंवा काळा पट्टा दिसतो का. दिसला तर लांबलेला भाग फणी-कात्रीने दोन मिनिटांत मिसळवता येतो. दोन्ही कल्ले एका उंचीवर आहेत का. ते नजरेने न बघता दोन्ही तर्जन्या त्यांच्या टोकांवर टेकवून बघावं, कारण कान वर-खाली असतात आणि डोळा कानांवर विसंबतो. आणि भोवरा हाताने दाबून सोडला की बसतो का उठतो. उठत असेल तर लांबी कमी पडली आहे. ती तिथे परत आणता येत नाही, अर्धा इंच भरून यायला महिना-सव्वा महिना जाईल, आणि त्या जागी आणखी कात्री लावू नका असं लगेच सांगावं.